पहिली-दुसरीची मुलं हात धुण्याचं गाणं मस्त म्हणतात, पण हात धुतच नाहीत! काय करू?

रानजाई
नमस्कार मंडळी, मी नाशिककडच्या एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या दुशिक्षकी शाळेत आहे, पहिली-दुसरी माझ्याकडे, 27 मुलं, आणि चौथीपर्यंत सगळी मिळून 41. शाळेला एक टाकी, तिला दोन नळ. तर झालं असं की जूनपासून मी रोज परिपाठात हात धुण्याचं गाणं घेते, हावभावासकट, मुलांना तोंडपाठ आहे, केंद्रप्रमुख आले तेव्हा पण खणखणीत म्हणून दाखवलं. आणि परवा खिचडीच्या सुट्टीत मी मुद्दाम पिंपळाच्या पाराआड उभी राहून बघितलं तर 41 पैकी साबणाला हात लावणारी पोरं 5. बाकीच्यांनी नळाखाली हात धरला, झटकला, चड्डीला पुसला आणि ताट घेऊन बसली. एक तर नळापाशी उभा राहून अख्खं गाणं म्हणाला, हात कोरडे! मला रडूच आलं खरं सांगते. कारण मागच्या महिन्यात जुलाबाने चार मुलं आठवडाभर गैरहजर होती. गाणं चुकतंय का माझं? तुमच्याकडे काय करता ते सविस्तर सांगा ना.

मुंबईची_मावशी
ताई, एवढी धावपळ कशाला, सॅनिटायझरची मोठी बाटली आणा आणि जेवणाआधी प्रत्येकाच्या हातावर एक थेंब. माझ्या नातीच्या शाळेत तेच करतात, पाणीपण वाचतं आणि रांगपण नाही. आणि मिरीचा प्रयोग दाखवा त्यांना, ताटलीत पाणी, वर मिरपूड, साबणाचं बोट बुडवलं की मिरी पळते, तसे जंतू साबणाला घाबरून पळतात. लगेच पटतं मुलांना.

परिचारिका_वि
मावशी, राग मानू नका पण दोन्ही गोष्टींत अर्धंच बरोबर आहे. सॅनिटायझर दवाखान्यात आम्ही दिवसभर वापरतो, पण आमचे हात दिसायला स्वच्छ असतात. वाडीवरची पोरं मातीत खेळून येतात, हातावर माती, घाम, शेंबूड, त्यावर सॅनिटायझर टाकलं की त्याचा चिखल होतो, खाली पोचतच नाही. शिवाय जंताची अंडी त्याने मरत नाहीत, आणि जुलाब-उलट्यांचे काही विषाणू पण दाद देत नाहीत. ते चोळून, फेस करून, पाण्याने वाहूनच जावे लागतात. साबणाचं मुख्य काम मारणं नाहीये, सोडवणं आहे.

मिरीचा प्रयोग मी पण करायचे आधी. पण त्यात मिरी पळते ती पाण्याच्या वरच्या पापुद्र्याचा ताण साबणाने तुटतो म्हणून. मुलं त्यातून काय शिकतात माहितीये? बोटाचं टोक साबणाला लावलं की झालं. मी विचारलं एका मुलीला, तर म्हणाली "जंतू घाबरले ना, मग घासायचं कशाला". तेव्हापासून बंद केला.

भिडे_गुरुजी_निवृत्त
रानजाई, तुमचं गाणं चुकलेलं नाही, गाण्याची जागा चुकली आहे. परिपाठात मुलं उभी असतात, हात कोरडे असतात, त्यामुळे त्यांच्या डोक्यात ते कवायतीसारखं बसतं. गाणं आणि ओला फेस यांची गाठच पडलेली नाही. परिपाठातून ते काढूनच टाका, गाणं फक्त हातात फेस असताना म्हणायचं, एरवी नाही.

दुसरं, तुमची खरी अडचण मला रांगेची वाटते. हिशोब करून बघा. 41 मुलं, 2 नळ, एकाला 40 सेकंद धरले तर जवळपास 14 मिनिटं लागतात. समोर गरम खिचडीचा वास सुटलेला असताना सात वर्षांचं पोर 14 मिनिटं थांबेल? मागची मुलं ढकलतात, पुढचा साबण न लावताच पळतो. तुम्ही पाराआडून जे बघितलंत ते आळशीपण नाही, ती गर्दी आहे.

आम्ही आमच्या शाळेत 2009 च्या सुमारास जे केलं ते असं. नळ आणि साबण यांची फारकत केली. मुलं मैदानात मोठा गोल करतात. चौथीची दोन मुलं जग घेऊन फिरतात, प्रत्येकाच्या हातावर जेमतेम पाणी. मागोमाग तिसरं मूल साबण घेऊन. सगळ्यांचे हात फेसाळले की मग एकदम गाणं सुरू, नळ बंद. गाणं संपल्यावर परत जगवाले फिरतात आणि धुवून टाकतात, पाणी खाली झाडांच्या आळ्यात जातं. आठवडाभर गोंधळ झाला, मग सगळं मिळून सहा-सात मिनिटांत व्हायला लागलं.

रानजाई
गुरुजी हे वाचून मी आत्ता उठून बादली लावून बघितली. आमच्या नळाने 15 लिटरची बादली अडीच मिनिटांत भरते, म्हणजे मिनिटाला 6 लिटर. नळ सोडून 40 सेकंद हात धुतले तर एका पोराला 4 लिटर, 41 मुलांना 164 लिटर! उन्हाळ्यात तर आमच्याकडे टँकर येतो. आणि जगने केलं तर भिजवायला आणि धुवायला मिळून अर्धा लिटर पुरावं, म्हणजे वीसेक लिटर. हे मला कधी सुचलंच नव्हतं, मी उलट नळ सोडूनच हात धुवायला लावत होते दोन वर्षं.

अद्वैतची_आई
माझा मुलगा 6 वर्षांचा आहे, अजिबात आंघोळ करत नाही, रोज रडारड. गाण्याने फरक पडेल का? कुठलं गाणं लावू मोबाइलवर?

परिचारिका_वि
अद्वैतची आई, आंघोळीचं वेगळं आहे हो, पाणी डोळ्यात जातं का, फार गरम असतं का ते आधी बघा. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

न्यूजर्सीकर_बाबा
इकडे केजीत मुलीला हॅपी बर्थडे दोनदा म्हणायला शिकवलंय, 20 सेकंद होतात म्हणे. मी घरी घड्याळ लावलं, पहिल्या आठवड्यात 20-21 सेकंद यायचे, महिन्याने बघितलं तर 9! गाणं पाठ झालं की मुलं गाडी सुसाट सोडतात. आणि त्या गाण्यात हाताचा काही संबंधच नाही, ती पूर्ण वेळ फक्त तळवे चोळते. मराठी काहीतरी आहे का ज्यात कुठे घासायचं ते पण येईल? आजी व्हिडिओ कॉलवर शिकवायला तयार आहे.

भिंगरी
माझ्याकडे आहे, मी अंगणवाडीताई आहे, मीच जुळवलंय आमच्या पोरांसाठी, त्यामुळे साधंच आहे. प्रत्येक जोडी दोनदा म्हणायची, का ते खाली सांगते:

तळव्यावर तळवा, गोल गोल फिरवा,
हाताच्या पाठीला फेस फेस मिरवा.

बोटांच्या फटीत बोटं झटपट,
करवत चालली करकर कटकट.

अंगठेराव रुसले, कोपऱ्यात बसले,
मुठीत धरून आम्ही गोल गोल घासले.

नखं म्हणतात आमचं काय?
तळव्यावर खरवडल्याबिगर सुटका नाय!

दोनदा का, तर हात दोन आहेत! पहिल्यांदा डावा अंगठा, दुसऱ्यांदा उजवा. मुलं उजव्या हाताने डावा हात घासतात आणि उजवा तसाच राहतो, आणि जेवतात तर उजव्या हाताने. आणि पळवतात त्याला उपाय म्हणजे "करकर कटकट" ला मी टाळ्यांनी ठेका धरते, ठेक्याच्या पुढे गेलं की सगळे थांबून ती ओळ परत.

न्यूजर्सीकर_बाबा
भिंगरीताई, झक्कास!! अंगठेराव आमच्याकडे कालपासून राहायला आलेत. मुलगी आता जेवताना माझा अंगठा तपासते.

पाटलाची_सून
मला एक विचारायचंय, धुतले की नाही हे ओळखायचं कसं? नुसते ओले हात दाखवतात पोरं. मी हळद आणि खोबरेल तेल हातांना लावून बघितलं, कुठेतरी वाचलं होतं, पिवळं राहिलं तिथे जंतू राहिले असं दाखवायचं. तर साबण लावल्याबरोबर सगळ्यांचे हात लालभडक! एक पोरगी "रक्त रक्त" करून किंचाळली आणि तिचं बघून निम्मा वर्ग रडायला लागला. काय चुकलं?

भिडे_गुरुजी_निवृत्त
चुकलं काही नाही, तुम्ही वर्गात कुंकू तयार केलंत. हळदीला चुन्यासारखं खारं काही मिळालं की ती लाल होते, कुंकू पूर्वी तसंच करायचे, आणि अंगाचा साबण पण त्याच जातीचा. तिसरी-चौथीला विज्ञान म्हणून छान आहे. पण हात तपासायला हळद नकोच, कारण नीट धुतलेल्या हातावर पण तिचा डाग राहतो आणि ज्याने मन लावून घासलं त्यालाच नापास केल्यासारखं होतं.

तेल आणि बारीक दालचिनी पूड घ्या. वाटीभर पूड लागत नाही, हातावर अर्धा चमचा तेल, वर चिमूटभर. नुसत्या पाण्याने धुवायला सांगा आधी, हात तसेच तपकिरी राहतात. मग साबणाने. जिथे राहिलं तिथे मूल स्वतःच बोट दाखवतं. बहुतेकांचं अंगठ्याच्या बुडाशी, बोटांच्या मध्ये आणि नखांत राहतं. पण हा प्रयोग महिन्यातून एकदा, रोजचा नाही.

परिचारिका_वि
रोजसाठी मी एका शाळेत सांगितलं होतं ते सांगते. धुतला जाणारा साधा स्केचपेन. सुट्टीच्या आधी वर्गातच प्रत्येकाच्या हातावर एक छोटा ठिपका, सोमवारी उजव्या अंगठ्याच्या बुडाशी, मंगळवारी दोन बोटांच्या फटीत, बुधवारी मनगटाशी, असा जागा बदलत. ताट घेताना ठिपका दाखवायचा. राहिला असेल तर परत जाऊन घासून यायचं, बस, ओरडायचं नाही, जेवण अडवायचं तर अजिबातच नाही, जेवण त्याच्या हक्काचं आहे. जागा बदलली नाही तर मुलं फक्त ठिपकाच घासतात, तेवढं लक्षात ठेवा. आणि कायमस्वरूपी मार्कर चुकून घेऊ नका, मी घेतला होता, आठ दिवस पोरं ठिपके घेऊन फिरत होती.

दुसरी तपासणी वासाची. धुतल्याचं सांगितलं की हाताचा वास घ्यायचा. मुलांना एकमेकांचा वास घ्यायला फार आवडतं.

कोकणी_कावळा
आमची अडचण साबणाचीच आहे. वडी ठेवली की संपते, एकतर मुलं खिशात घालतात नाहीतर खरोखर कावळे पळवतात, आमच्या शाळेच्या कौलावर तीन सापडल्या. बाईंनी शेवटी साबण कपाटात ठेवला, किल्ली बाईंकडे. मग कोण मागणार?

भिंगरी
कांद्याच्या जाळीच्या पिशवीत वडी घालून नळाला उंच न बांधता पोरांच्या छातीएवढ्या उंचीवर लटकवायची. जाळीवरच चोळायचं, फेस पण जास्त होतो, वडी पाण्यात पडून गळत नाही आणि कावळ्याला नेता येत नाही. पण दोरी दुहेरी बांधा.

समीर_जळगाव
वडी सोडा, साबणपाणी करा. दीड लिटरच्या बाटलीत 30 ग्रॅम कपड्याची पावडर, हलवायचं, झाकणाला भोक पाडायचं. बांगलादेशात यावर बरंच काम झालंय. कावळा नाही, चोरी नाही, आणि वडीपेक्षा कितीतरी स्वस्त. पैशाचं म्हणाल तर समग्र शिक्षाच्या शाळा अनुदानातला किमान 10 टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचाच असतो, साबण त्यातून घेता येतो, मुख्याध्यापकांना आठवण करा.

परिचारिका_वि
समीरदादा, माप बरोबर आहे, पण माझं मन पूर्ण धजत नाही. थंडीत आपल्याकडे मुलांच्या हातांना भेगा असतात, खरूज असते, इसब असतो, त्यांना कपड्याची पावडर झोंबते. आणि झोंबलं की ते मूल पुढे साबणालाच भिणार. अंगाच्या साबणाचे तुकडे किसून केलं तर?

समीर_जळगाव
किसून केलेलं दोन दिवसांत शेंबडासारखं होतं ताई, भोकातून येतच नाही. आम्ही पावडरच वापरतो, प्रमाण वाढवू द्यायचं नाही एवढंच. एका उत्साही सरांनी दुप्पट टाकली होती तेव्हा तक्रारी आल्या, 30 ग्रॅमवर परत आलो तर गेल्या.

परिचारिका_वि
मी तरी भेगावाल्या मुलांसाठी वेगळी वडी ठेवा म्हणेन. यावर आपलं एकमत होणार नाही बहुतेक.

अद्वैतची_आई
माझा अजून एक प्रश्न, अद्वैत रात्री झोपेत ढुंगण खाजवतो आणि सकाळी चिडचिडा असतो, हे पण हात न धुण्यामुळे का?

परिचारिका_वि
हा प्रश्न मात्र अगदी इथलाच आहे. बहुतेक बारीक पांढरे सुतासारखे जंत असावेत. मादी रात्री बाहेर येऊन अंडी घालते, त्याने खाज, खाजवलं की अंडी नखांत, सकाळी तोच हात तोंडात, की परत सुरू. म्हणून मी सगळ्या बायांना सांगते की झोपून उठल्यावर पहिलं काम हात आणि नखं धुणं, दात घासण्याच्या आधी. नखं कापून ठेवा, रात्री चड्डी घाला, चादर गरम पाण्यात. गोळी डॉक्टरांना दाखवूनच द्या, घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी घ्यावी लागते बहुतेक वेळा. शाळेत फेब्रुवारीत जंतनाशक दिनाला गोळी देतात ती सोडू नका.

मुंबईची_मावशी
वि ताई, सॅनिटायझरचं पटलं मला. नातीच्या शाळेत विचारते. पण पुसायचं काय? तिच्या वर्गात एकच टॉवेल आहे वीस मुलांना.

परिचारिका_वि
एक टॉवेल म्हणजे धुतलेलं सगळं परत वाटून घेणं. झटकून हवेत वाळवा, दहा वेळा झटका, मोजत. ओल्या हातावर चिकटणं जास्त होतं म्हणून कोरडे व्हायला हवेत हे खरं.

पाटलाची_सून
आम्ही गणवेशाला रुमाल पिनने लावतो, पण त्यानेच नाक पण पुसतात. यावर कुणाला काही सापडलंय का?

भिडे_गुरुजी_निवृत्त
नाही सापडलं. 31 वर्षं नोकरी झाली, रुमालाने मला हरवलं. मी झटकण्यावरच आलो.

रानजाई, एक अजून. नखं आणि हात तपासताना कधीही सगळ्यांसमोर नाव घेऊन उभं करू नका. माझ्याकडून झालं होतं एकदा, वीटभट्टीवरच्या एका मुलाला उभं केलं, घरी नेलकटरच नव्हतं. तो पुढे चार दिवस आला नाही. नंतर मी शनिवारी टेबलावर नेलकटर ठेवायला लागलो आणि ज्याचं त्याचं कोपऱ्यात कापून द्यायचो, त्या मुलाचं आधी. प्रत्येकानंतर पाते साबणाने धुवायचं, विसरू नका.

समीर_जळगाव
शौचालयानंतरचं कुणीच बोललं नाही. तिथे तर गोल करून गाणं म्हणता येत नाही, मूल एकटं जातं. त्यासाठी बांगलादेशातलीच एक गोष्ट, दोन प्राथमिक शाळांमध्ये शौचालयापासून नळापर्यंत जमिनीवर पावलं रंगवली आणि नळाजवळ हाताचे ठसे. शिकवणी नाही, भाषण नाही. आधी साबणाने हात धुणारी मुलं 4 टक्के होती, 6 आठवड्यांनी 74 टक्के. पण तिथे नळ आणि साबण आधी जागेवर केले होते, हे लोक विसरतात आणि नुसती पावलं रंगवतात.

रानजाई
तीन आठवड्यांनी परत आलेय, मुद्दाम थांबले होते, काहीतरी करून मगच लिहायचं म्हणून.

पहिले चार दिवस नुसता दंगा. जगवाला पोरगा पाणी डोक्यावरच ओतायचा. पाचव्या दिवशी मी जग बदलून छोटे तांब्ये दिले, चौथीच्या दोघींना, आणि गोलाऐवजी पाराच्या कट्ट्याकडेने दोन ओळी केल्या, कारण गोलात तिला कुठून सुरू केलं तेच आठवायचं नाही. आता हात भिजवण्यापासून झटकण्यापर्यंत 7 मिनिटं लागतात. पाणी दीड बादली, म्हणजे 22 लिटरच्या आसपास. साबण कांद्याच्या जाळीत, अजून एकच हरवला.

ठिपक्याचं सांगते. पहिल्या सोमवारी उजव्या अंगठ्याच्या बुडाचा ठिपका 27 पैकी 19 जणांचा तसाच होता. काल त्याच जागेचा 6 जणांचा. पण फटीतला अजून 11 जणांचा राहतो, करवतीच्या ओळीला पोरं हसण्यात बोटं अडकवायची विसरतात, ती ओळ हळू घ्यायला लागेन. दालचिनीचा प्रयोग केला तेव्हा एक मुलगा नुसत्या पाण्याने धुतलेले हात घेऊन माझ्यासमोर आला आणि बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "बाई, म्हंजी मी रोज हेच खात व्हतो?" मला काही बोलताच आलं नाही, मी त्याच्या हातावर साबण ठेवला.

शौचालयाचं मात्र अडलंय. पावलं रंगवली, पांढरा ऑइलपेंट, मुलांनीच पाय ठेवून रेघ मारली, छान दिसतात. पण टाकी शौचालयापासून तीसेक पावलांवर आहे आणि मध्ये मैदान लागतं, मुलं निम्म्या पावलांवरून कबड्डीत घुसतात. शौचालयाच्या दारालाच 5 लिटरचा डबा दोरीने टांगून पायाने वाकवायचा नळ करायचा विचार आहे, पायाच्या काठीला दोरी किती ढिली ठेवायची आणि डब्याला भोक कुठे पाडायचं, ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

कोकणी_कावळा
भोक झाकणाच्या बाजूला वरच्या अंगाला, बुडाला नको, नाहीतर थेंब थेंब गळत राहतं. खिळा तापवून पाडा. दोरी इतकी की काठी जमिनीपासून वीतभर वर राहील. आणि साबण त्याच दांडीला जाळीत बांधा, फोटो टाकतो उद्या आमच्याकडच्याचा.